नवजात बाळाच्या मालिशसाठी तेल: खोबरेल, मोहरी, बदाम की बेबी ऑइल?

बाळंतीण घरी आली की दोन-चार दिवसांत मालिशवाल्या मावशी ठरतात आणि तेलाचा वाद तिथूनच सुरू होतो. पुण्यात तर एकेका मजल्यावर चार प्रांतांची माणसं राहतात. कोथरूडच्या आजी खोबरेलावर ठाम असतात, वाकडच्या शेजारीणबाई सरसों का तेल आणून देतात, ऑफिसातल्या मैत्रिणी बदाम तेलाची बाटली भेट देतात आणि दवाखान्यातून मिळालेल्या किटमध्ये बेबी ऑइल असतंच. बाळ आठवड्याचं होईतो कपाटात चार बाटल्या जमा. मी पुण्यात बाळंतिणी आणि बाळांना घरी जाऊन बघणारी परिचारिका आहे. या चार बाटल्यांपुढे बसलेली कुटुंबं मला कायम भेटतात, म्हणून त्यातून एक कशी निवडायची ते क्रमाने सांगते.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, अडीच किलोच्या वर वजन असलेल्या, ठणठणीत बाळासाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत राहून आलं असेल किंवा अंगावर आधीच पुरळ असेल, तर तेल कुठलं आणि कधी हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

आधी कातडीचं समजून घ्या

तेल उष्ण की थंड, यावर घरात तासभर चर्चा होते. बाळाच्या कातडीला मात्र दोनच गोष्टींनी फरक पडतो: तेलात कुठली स्निग्धाम्लं आहेत, आणि तेलाशिवाय आणखी काय मिसळलंय.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा लेप असतो. हा लेप आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. नवजात बाळाचा हा थर मोठ्या माणसापेक्षा पातळ असतो. शिवाय आपल्या त्वचेवर जी किंचित आंबट, जंतूंना न मानवणारी झिलई असते, ती बाळाकडे जन्मतः नसते. पहिल्या काही आठवड्यांत ती हळूहळू तयार होते. म्हणजे तेल लावायची घाई आपल्याला असते तेव्हाच हे बांधकाम चालू असतं.

वनस्पती तेलांतली दोन स्निग्धाम्लं इथे महत्त्वाची आहेत. लिनोलिक आम्ल हा त्या लेपाचाच कच्चा माल आहे, ते त्वचेला उपयोगी पडतं. ओलिक आम्ल उलट वागतं. ते लेपाच्या नीट रचलेल्या थरात घुसून तो सैल करतं, आणि सैल थरातून पाणी जास्त उडतं. ऑलिव्ह तेलात ओलिक भरपूर, म्हणून खाण्यात कितीही नावाजलेलं असलं तरी नवजात बाळाच्या अंगावर ते नको. सूर्यफूल आणि आपल्याकडच्या साध्या करडईत लिनोलिक जास्त असतं. मात्र ‘हाय ओलिक’ असं छापलेलं सूर्यफूल किंवा करडई तेल वेगळ्या वाणाचं असतं. ते मालिशीला घेऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, तेल लावलंच पाहिजे असं काही नाही. मँचेस्टरमध्ये ११५ नवजात बाळांवर एक अभ्यास झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही बाळांना ऑलिव्ह, काहींना सूर्यफूल तेल महिनाभर लावलं आणि काहींना काहीच लावलं नाही. तेलाने त्वचा ओलसर राहिली, पण तो स्निग्ध लेप जितका सुबक व्हायला हवा तितका दोन्ही तेलांच्या बाळांत झाला नाही. बिनतेलाची बाळं त्या बाबतीत पुढे होती. म्हणून घरात ज्यांना मालिश नकोच असेल त्यांच्यावर कुणी जबरदस्ती करू नये. ज्यांना करायची आहे त्यांनी तेल कमी आणि साधं वापरावं.

आता चार बाटल्या एकेक करून बघू

खोबरेलापासून सुरुवात करू, कारण पुण्याच्या हवेत माझी पहिली पसंती तेच. खोबरेलातली बहुतेक स्निग्धाम्लं संपृक्त असतात, त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल. ओलिक अगदी थोडं, त्यामुळे लेप सैल होण्याची भीती कमी. लिनोलिकही थोडंच, म्हणजे त्वचेला कच्चा माल पुरवण्याचं काम ते फारसं करत नाही, पण वरून पातळ पांघरूण घालतं आणि पाणी उडू देत नाही. संपृक्त असल्यामुळे ते लवकर खवटही होत नाही.

मुश्कील बाटली निवडण्याची आहे. दुकानात खोबरेलाच्या शेजारीच सुवासिक केशतेलं ठेवलेली असतात, रंगरूप सारखंच. बाटली उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचा. खाद्यतेल म्हणून विकलेल्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, आणि घटकांत फक्त खोबरेल तेल. ती घ्या. मोगरा, कापूर, मेंथॉल, ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असं काही दिसलं की ती बाटली आईच्या केसांसाठी. लाकडी घाण्याचं तेल घेत असाल तर ओळखीच्या घाण्यावरून, छोट्या बाटलीत घ्या आणि दर आठवड्याला वास घेऊन बघा. खवट वास आला तर सरळ टाकून द्या. खवट तेल त्वचेला बोचतं.

मोहरीचं तेल उत्तरेकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं, त्यामुळे ते नको म्हणताना घरात भांडण होऊ शकतं. तरी नवजात बाळाला ते नकोच. नाकाला झोंबणारा त्याचा झणका अलाइल आयसोथायोसायनेट या पदार्थाचा असतो आणि तो पातळ कातडीवर दाह करतो. कच्ची घानी जितकी अस्सल तितका झणका जास्त. लाली येते, अंग गरम लागतं, आणि लोक त्यालाच ‘तेल अंगात मुरलं, ऊब आली’ म्हणतात. ती ऊब म्हणजे चुरचुर. उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने बिघडलेला त्वचेचा थर भरून यायला उशीर लागल्याचंही दिसलेलं आहे. आणखी एक धोका भेसळीचा. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलं तर अंगाला सूज आणणारा ड्रॉप्सी हा आजार होतो. १९९८ साली दिल्लीत त्याची मोठी साथ आली होती. हे विष मुख्यतः पोटातून जातं, पण भेसळीच्या तेलाच्या मालिशीतूनही बाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

बदाम तेलाबद्दल मला सगळ्यात जास्त गैरसमज दिसतात. एक तर बदाम तेल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या केसांच्या तेलाच्या असतात. घटकांची यादी वाचलीत तर पहिलं नाव लिक्विड पॅराफिनचं किंवा दुसऱ्याच एखाद्या तेलाचं दिसतं. यादीत पहिलं नाव सर्वांत जास्त असलेल्या घटकाचं असतं, हे लक्षात ठेवा. दुसरं, तेल अस्सल गोड बदामाचं असलं तरी त्यात ओलिक साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे ऑलिव्हच्याच पंक्तीतलं. तिसरं कारण ॲलर्जीचं. सुकामेव्याची ॲलर्जी पुष्कळदा तोंडावाटे नाही, तर कोरड्या, चिरलेल्या त्वचेवाटे सुरू होते. शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली, हे २००३ पासून माहीत आहे. बदाम तेल लावून बदामाचीच ॲलर्जी उठल्याचीही नोंद आहे. घरात कुणाला दमा, इसब किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम, शेंगदाणा आणि तीळ ही तिन्ही तेलं बाळाच्या अंगापासून लांब ठेवा. घाण्यावरच्या न गाळलेल्या तेलात तर प्रथिनांचे अंशही जास्त राहतात.

राहिलं बेबी ऑइल, म्हणजे खनिज तेल. ‘पेट्रोलियमपासून बनतं’ एवढं वाचून लोक घाबरतात. शुद्ध केलेलं लिक्विड पॅराफिन त्वचेच्या बाबतीत अगदी अलिप्त असतं. ते आत फारसं मुरत नाही, ॲलर्जी क्वचितच करतं, खवट होत नाही. त्वचेला पोषण शून्य, पण पाणी धरून ठेवण्याचं काम ते चोख करतं. डोक्यावर खपली धरलेल्या बाळात त्याचा वेगळा फायदा आहे. त्या खपलीत मॅलसेझिया नावाची यीस्ट असते आणि ती वनस्पती तेलांतल्या स्निग्धाम्लांवर पोसली जाते. खनिज तेल तिला खाता येत नाही. म्हणून टाळूवर खपली असेल तर खोबरेल थापण्यापेक्षा थोडं खनिज तेल लावून, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने विंचरून धुवून टाकलेलं बरं. खनिज तेलाचा दोष म्हणजे बहुतेक बाटल्यांतला सुगंध. बिनवासाची बाटली शोधा. औषधाच्या दुकानात साधं लिक्विड पॅराफिनही मिळतं.

पाचवी बाटली सहसा स्वयंपाकघरातच असते, करडईची. इथे पुण्याचाच एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १२० नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडई, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला तेल नाही. ५ मिली तेलाने दिवसातून चार वेळा, पाच दिवस मालिश. २००५ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये निष्कर्ष आले: करडईच्या बाळांच्या रक्तात लिनोलिकसारखी आवश्यक स्निग्धाम्लं वाढली, खोबरेलाच्या बाळांत संपृक्त वाढली. तेल फक्त वर बसत नाही, काही अंशी आत जातं, हे त्यातून कळलं. त्याचा एक अर्थ असा की जे तेल तुम्ही खायला धजणार नाही ते अंगाला चोळू नका. (खनिज तेल हा अपवाद, कारण ते फारसं मुरतच नाही.) त्वचा फार कोरडी असेल तर रिफाइंड करडई किंवा सूर्यफूल चांगलं, पण ही तेलं लवकर खवट होतात. पिशवीतून छोट्या बाटलीत काढा आणि महिन्याभरात संपवा.

तेलात काय घालायचं? काही नाही

खोबरेलात कापूर घालून सर्दीला छातीवर चोळणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. बाळाच्या बाबतीत ती पूर्ण बंद करा. कापूर त्वचेतून आणि वासातून आत जातो आणि लहान बाळाला त्याने झटके येऊ शकतात. निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व, विकत मिळणारे चोळायचे बाम यांनाही तोच नियम. लसूण-ओवा कडकवून केलेलं तेलही नको. कच्ची लसूण कातडीला लागून भाजल्यासारखे फोड आल्याची उदाहरणं आहेत, आणि कडकवलेल्या तेलात नेमकं काय किती उतरलंय याचा अंदाज कुणालाच नसतो.

लावायची पद्धत

नाळ पडून बेंबी कोरडी झाल्यावर सुरुवात केलेली बरी. बेंबीत तेल कधीच घालायचं नाही.

नवीन तेल थेट अंगभर लावू नका. आधी एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, आणि दोन दिवस बघा. लाली नसेल तर पुढे जा.

तीन किलोच्या बाळाला चहाचा एक छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली तेल पुरतं. मावशी वाटीभर घेऊन बसतात, पण त्यातलं अर्धं दुपट्यावर जातं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे खोबरेल दगड होतं, कारण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. बाटली झाकण लावून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. पातळ झाल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, गरम वाटायला नको.

दूध पिऊन पाऊण तास तरी झालेला असावा. हाताला तेल लावून पाय, हात, छाती, पाठ या क्रमाने हलक्या हाताने फिरवा. जोर एवढाच की कातडी हलली तर चालेल, बाळाचा चेहरा आक्रसायला नको. सांधे ओढणं, पाय डोक्याला लावणं, छाती पिळून ‘दूध काढणं’ हे मावशींना स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगा. छाती पिळल्याने गळू होतं आणि मग बाळाला ॲडमिट करावं लागतं.

नाक, कान आणि डोळे यांत तेल घालू नका. नाकात तेल सोडलं की ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे ते सुटत नाही, न्यूमोनिया होतो. ही गोष्ट खोबरेलालाही लागू आहे आणि बेबी ऑइललाही.

उन्हाळ्यात अंघोळीआधी लावा, म्हणजे जास्तीचं तेल धुतलं जातं. हिवाळ्यात अंघोळीनंतर, अंग किंचित ओलं असताना लावलं तर ओलावा टिकतो. मान, काख आणि जांघेच्या वळ्यांतलं तेल मात्र दोन्ही ऋतूंत मऊ कापडाने टिपून घ्या. तिथे तेल, घाम आणि ओघळलेलं दूध एकत्र साचलं की कातडी लाल होऊन सोलते. डाळीच्या पिठाने खसाखसा तेल काढू नका, त्याने आधीच पातळ असलेला थर खरवडला जातो. आणि तेल लावलेल्या बाळाला उचलताना टॉवेलात गुंडाळूनच उचला, फार निसटतं.

बिघडलं हे कसं ओळखायचं

कोथरूडमधलं एक घर. बाळ डिसेंबरात झालेलं, पूर्ण दिवसांचं, तीन किलोच्या आसपास. आजींच्या आग्रहाखातर मावशींनी मोहरीच्या तेलात लसूण-ओवा कडकवून मालिश सुरू केली. तीन-चार दिवसांत मांड्या, पोट आणि छाती लाल झाली, हात फिरवला की खरबरीत लागायची. घरच्यांना वाटलं कातडी कोरडी पडतेय, म्हणून तेल दिवसातून दोनदा केलं आणि लाली वाढली.

मी गेले तेव्हा दुपट्याला लसणाचा वास होता. लंगोट काढून खालचा भाग पाहिला तर तो स्वच्छ, गुलाबी. टाळूही स्वच्छ. म्हणजे जिथे तेल तिथेच लाली, आणि लंगोटाच्या पट्टीपाशी ती रेघ ओढल्यासारखी थांबलेली. हीच तेलाच्या दाहाची मुख्य खूण. नवजात बाळात पहिल्या दिवसांत येणारं साधं पुरळ असं नसतं. ते आज पोटावर, उद्या पाठीवर असं फिरतं आणि आपोआप जातं. पहिल्या दोन आठवड्यांत हातापायांची साल निघते तीही लालीशिवाय असते. घामोळं मानेवर, पाठीवर आणि वळ्यांत बारीक पुटकुळ्यांचं असतं आणि पुण्यात ते एप्रिल-मेमध्ये जास्त दिसतं. त्या दिवसांत तेल आधी बंद करायचं, बदलत बसायचं नाही.

त्या बाळाला आम्ही साध्या कोमट पाण्याने, सौम्य बेबी क्लीन्झर थोडासाच वापरून अंघोळ घातली आणि दुपटी धुवायला टाकली, कारण तेल कापडात राहिलं तर ते अंगाला लागतच राहतं. बालरोगतज्ज्ञांनी बिनवासाचं मॉइश्चरायझर दिलं आणि सगळी तेलं बंद. आठवड्याभरात कातडी स्वच्छ झाली. मग कोपराची चाचणी करून साधं खाद्य खोबरेल, दिवसातून एकदा. आजींचं मन राखायला मोहरीचं तेल बाळाच्या आईच्या पाठीला वापरायचं ठरलं. एवढी तडजोड बऱ्याच घरांत चालून जाते.

पिवळ्या पाण्याचे किंवा पुवाचे फोड आले, लाली झपाट्याने पसरली, बाळ दूध ओढेना, मलूल झालं किंवा ताप ३८ अंशांच्या वर गेला, तर तेलाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी थांबवून बघायचा नसतो.

बाळ रांगायला लागलं की बेबी ऑइलची बाटली वरच्या कपाटात, मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची ठेवा. मूल ते प्यायलं तर उलटी करवू नका, पाणी किंवा दूध पाजून ‘उतरवू’ नका. खोकला, धाप किंवा घरघर दिसली तर बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना फोन करून विचारा, कारण फुप्फुसात गेलेल्या तेलाचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो.